‘खटला प्रलंबित नाही’ असे लिहिण्यापूर्वी

नेमणुकीचे पत्र हातात पडले की रुजू होण्याच्या दिवसाची तयारी सुरू होते. गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँकेचे पासबुक. या चळतीत एक छोटा कागद असतो. त्यावर उमेदवाराने स्वतःबद्दल लिहून द्यायचे असते की आपल्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही, कोणताही फौजदारी खटला प्रलंबित नाही. यालाच स्वयंघोषणापत्र म्हणतात. केंद्र सरकारच्या नोकरीत हीच माहिती साक्षांकन नमुन्यात प्रश्नोत्तरांच्या रूपात द्यावी लागते, तर खासगी कंपन्यांत ती रुजू होतानाच्या फॉर्ममध्ये ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा चौकटीत भरावी लागते.

ज्याने कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही तो वाचून सही करतो आणि त्याचे काही अडत नाही. प्रश्न येतो तो मधल्या लोकांचा. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात सगळ्या भावकीबरोबर नाव गेलेला तरुण, कॉलेजच्या आंदोलनात धरपकड झालेला विद्यार्थी, भावजयीच्या तक्रारीत सासरच्या मंडळींबरोबर आरोपी झालेली नणंद, कोर्टातून निर्दोष सुटून दोन वर्षे झालेला माणूस. यांतले बहुतेक जण खोटे बोलायचे ठरवून सही करत नाहीत. प्रश्न नेमका काय विचारतो हे न कळल्यामुळे ते चुकीचे उत्तर लिहितात आणि पुढे ते उत्तरच त्यांच्यावरच्या गुन्ह्यापेक्षा महाग पडते.

एका ओळीत अनेक प्रश्न

केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात हा भाग नीट फोडून विचारलेला असतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला भरला गेला आहे का? कधी स्थानबद्धतेत ठेवले आहे का? चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेतले आहे का? न्यायालयाने दंड केला आहे का? दोषी ठरवले आहे का? आणि हा नमुना भरताना कोणत्याही न्यायालयात तुमच्याविरुद्ध प्रकरण प्रलंबित आहे का? यांतील शेवटचा प्रश्न सोडला तर बाकी सगळे ‘कधी’ या शब्दाने बांधलेले आहेत. म्हणजे दहा वर्षांपूर्वी अटक झाली, खटला चालला आणि माणूस निर्दोष सुटला, तरी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आणि शेवटच्याचे ‘नाही’ असेच येईल. ‘मी सुटलो, म्हणजे माझ्यावर काहीच नाही’ हा हिशेब मनाला पटतो, पण तो शेवटच्या प्रश्नापुरताच खरा आहे.

खासगी कंपन्यांच्या आणि अनेक संस्थांच्या छापील मजकुरात हे सगळे एकाच वाक्यात कोंबलेले दिसते. ते वाक्य सही करण्यापूर्वी सोडवून वाचावे लागते. ‘गुन्हा दाखल नाही’ म्हटले की पोलीस ठाण्यात प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदलेली नाही असा अर्थ होतो. ‘खटला प्रलंबित नाही’ म्हटले की न्यायालयात आज चालू असलेले प्रकरण नाही असा. ‘शिक्षा झालेली नाही’ हे त्याहून अरुंद विधान आहे. पोलिसांनी एफआयआर नोंदली पण दोषारोपपत्र अजून न्यायालयात गेलेले नाही, अशा टप्प्यावरचा माणूस ‘न्यायालयात खटला प्रलंबित नाही’ असे खरेपणाने लिहू शकतो. ‘माझ्याविरुद्ध गुन्हा दाखल नाही’ असे मात्र तो लिहू शकत नाही.

तपासानंतर पोलिसांनी समरी पाठवली असेल तर आणखी एक टप्पा ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा छडा लागत नाही किंवा पुरावा पुरत नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोडसाळपणे खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली तक्रार. पण हा पोलिसांचा अहवाल असतो. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केल्याचा आदेश होईपर्यंत प्रकरण मिटले असे लिहिता येत नाही. ठाण्यातून ‘बी समरी पाठवली आहे’ असे तोंडी कळल्यावर घोषणापत्रात ‘गुन्हा रद्द झाला’ असे लिहिणारे इथे अडकतात.

गावोगावी ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती याहून वेगळी. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की शांतता राखण्यासाठी पोलीस काही तरुणांवर प्रतिबंधक कारवाई करतात आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे अनेकदा तहसीलदारांपुढे, बंधपत्र लिहून घेतात. पूर्वी ही कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते. हा गुन्हा नव्हे आणि यात शिक्षाही नसते. म्हणून ‘गुन्हा दाखल नाही’ हे विधान या कारणाने खोटे ठरत नाही. पण फॉर्ममध्ये बंधपत्राबद्दल वेगळा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर ‘होय’ द्यावे लागते.

न्यायालय काय तपासते

या विषयावर उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात उलटसुलट निकाल येत होते. ते एका जागी आणण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 21 जुलै 2016 रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात केले. आजही सरकारी नोकरीतला असा कोणताही वाद याच निकालाच्या मुद्द्यांवर तपासला जातो. घोषणापत्राच्या मजकुराशी थेट संबंध असलेले त्यातले चार मुद्दे समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा प्रश्नाबद्दल आहे. फॉर्ममधील प्रश्न नेमका हवा, मोघम चालणार नाही. जे स्पष्टपणे विचारले तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. जे विचारलेच नाही ते लपवले म्हणून त्याच्यावर कारवाई करता येत नाही. मात्र ती माहिती दुसरीकडून कळली तर उमेदवार पदाला योग्य आहे की नाही हे ठरवताना ती विचारात घेता येते. दुसरा मुद्दा माहिती असण्याचा. माहिती दडवल्याचा ठपका ठेवायचा तर ती गोष्ट उमेदवाराला ठाऊक होती असे म्हणता आले पाहिजे.

तिसरा मुद्दा खरे सांगणाऱ्याबद्दल आहे आणि तो दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. किरकोळ स्वरूपाचा खटला प्रलंबित असल्याचे उमेदवाराने स्वतःहून सांगितले तर खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून त्याला नेमता येते. पण खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क तयार होत नाही. गुन्ह्याचे स्वरूप आणि पदाचे स्वरूप पाहण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. पोलीस शिपायासाठी लावायचा निकष आणि कनिष्ठ लिपिकासाठीचा निकष एकच असेल असे नाही. चौथा मुद्दा नोकरीत कायम झालेल्यांचा. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती लपवली या कारणाने काढायचे असेल तर आधी विभागीय चौकशी करावी लागते.

हे निकष सरकारी आणि सार्वजनिक नोकऱ्यांसाठी आहेत. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातल्या अटी महत्त्वाच्या ठरतात. दिलेली माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त होईल, हे कलम त्यात बहुधा असतेच.

आपली नोंद आपण आधी पाहावी

साक्षांकन नमुन्यात गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त काळ जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते विचारलेले असतात. पडताळणी त्या त्या ठिकाणच्या पोलिसांमार्फत होते. त्यामुळे पुण्यात नोकरी लागली म्हणून गावाकडच्या ठाण्यातली नोंद गावातच राहील असे समजू नये. खासगी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या पडताळणी संस्था न्यायालयांच्या खुल्या नोंदींत नाव शोधतात. ही सोय उमेदवारालाही मोफत उपलब्ध आहे. services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. वर्ष टाकायचे आणि प्रलंबित व निकाली अशा दोन्ही प्रकारची प्रकरणे पाहायची. नाव एकदाच टाकून थांबू नये. आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावासह आणि त्याशिवाय, स्पेलिंग बदलून असा शोध घ्यावा लागतो, कारण नोंद करणाऱ्याने जसे लिहिले तसेच नाव तिथे असते.

या शोधाचा दुसराही उपयोग आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही जुळणारे लोक एकाच तालुक्यात सापडतात. पडताळणी संस्थेच्या अहवालात दुसऱ्याचाच खटला आपल्या नावावर दाखवला गेला तर त्या प्रकरणातला आरोपीचा पत्ता आणि वय दाखवून तो वेगळा असल्याचे सिद्ध करावे लागते. आधीच पाहिलेले असेल तर ते काम एका दिवसात होते.

ज्यात पोलीस नसतात अशीही फौजदारी प्रकरणे आहेत. धनादेश न वटल्याची तक्रार थेट न्यायालयात होते. तिथे एफआयआर नसते, पण खटला फौजदारीच असतो. याउलट घटस्फोटाचा अर्ज, वाटणीचा दावा, भाडेकरूविरुद्धचा दावा ही दिवाणी प्रकरणे आहेत. ‘कोणत्याही न्यायालयात कोणतेही प्रकरण’ असे शब्द असतील तर तीही सांगावी लागतील. ‘फौजदारी’ हा शब्द असेल तर नाही.

एक प्रकरण, ओळीने

आता एक नमुना घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका गावात 2021 मध्ये बांधावरून दोन कुटुंबांत मारामारी झाली असे समजा. पाच जणांवर गुन्हा नोंदला गेला आणि त्यात तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगाही होता. कलमे भारतीय दंड विधानाची 324, 323, 504, 506 आणि 34. पोलिसांनी त्याला अटक केली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. 2022 मध्ये दोषारोपपत्र गेले आणि प्रकरणाला नियमित फौजदारी खटल्याचा, वकिलांच्या भाषेत आर.सी.सी.चा, क्रमांक पडला. साक्षीदार येत नाहीत म्हणून तारखा पडत आहेत. दरम्यान त्याची एका सहकारी संस्थेत लिपिक म्हणून निवड झाली आणि त्याच्यापुढे छापील घोषणापत्र आले: ‘माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही व कोणताही खटला प्रलंबित नाही.’

या वाक्याखाली तो सही करू शकत नाही. त्यावर काट मारून ‘एक आहे’ एवढेच लिहिणेही पुरेसे नाही, कारण अर्धवट माहितीतून वाचणाऱ्याच्या मनात वाईटात वाईट शक्यता येते. त्याने आधी तीन कागद जमवावेत: एफआयआरची प्रत, दोषारोपपत्राची प्रत आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावरील प्रकरणाच्या सद्यस्थितीचे पान. मग छापील वाक्यातला लागू नसलेला भाग खोडून, शेजारी सही करून, खाली किंवा जोडपत्रात असे लिहावे:

‘माझ्याविरुद्ध … पोलीस ठाणे, जि. सातारा येथे गु.र.नं. …/2021, भा.दं.वि. कलम 324, 323, 504, 506 सह 34 अन्वये दिनांक … रोजी गुन्हा नोंद आहे. सदर गुन्ह्यात मला दिनांक … रोजी अटक होऊन दिनांक … रोजी जामीन मंजूर झाला. प्रकरण नियमित फौजदारी खटला क्र. …/2022 म्हणून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, … यांच्या न्यायालयात प्रलंबित असून पुढील तारीख … आहे. अद्याप निकाल झालेला नाही. याव्यतिरिक्त माझ्या माहितीप्रमाणे माझ्याविरुद्ध कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद नाही आणि आजच्या तारखेस अन्य कोणत्याही न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित नाही. खटल्याचा निकाल लागताच मी तो लेखी कळवीन. सोबत एफआयआर, दोषारोपपत्र व सद्यस्थितीची प्रत जोडली आहे.’

या मजकुरात काय नाही तेही पाहण्यासारखे आहे. ‘मला खोटे गुंतवले’, ‘विरोधकांनी राजकारण केले’, ‘मी लवकरच सुटणार आहे’ यांपैकी काहीही त्यात नाही. ती बाजू मांडायला न्यायालय आहे. घोषणापत्र तपासणारा अधिकारी क्रमांक, कलम आणि टप्पा शोधत असतो आणि ते पोलिसांच्या अहवालाशी जुळतात का एवढे पाहतो. कलमेही दोषारोपपत्रात असतील तीच लिहावीत. तपासात कलम वाढले किंवा गळले असेल तर एफआयआरवरून उतरवलेली कलमे अहवालाशी जुळत नाहीत. गुन्हा 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्यामुळे त्याला जुन्याच दंड विधानाची कलमे लागू राहतात. ती भारतीय न्याय संहितेत ‘बदलून’ लिहू नयेत.

‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्दही जागा पाहून वापरले आहेत. कुठे तरी एफआयआरमध्ये आपले नाव घातले गेले आणि पोलीस अजून आपल्यापर्यंत पोचले नाहीत, असे होऊ शकते. त्या विधानाला हे शब्द शोभतात आणि पुढे उमेदवाराचे रक्षणही करतात. पण ‘माझ्या माहितीप्रमाणे मला अटक झालेली नाही’ हे वाक्य कुणालाही पटणार नाही, कारण अटक झाली की नाही हे माणसाला पक्के ठाऊक असते. तसेच ‘आजच्या तारखेस’ हे शब्द आणि सहीखालची तारीख सोडू नये. घोषणापत्र खरे होते का, हे त्या तारखेवरूनच ठरते.

सुटका झाली असेल तर

समजा हाच खटला रुजू होण्याच्या महिनाभर आधी निकाली निघाला आणि सगळे निर्दोष सुटले. आता ‘प्रलंबित नाही’ हे खरे, पण ‘गुन्हा दाखल नव्हता’ हे खोटेच. इथे लोक हमखास चुकतात. उत्तर प्रदेशातील पोलीस शिपाई भरतीतल्या एका उमेदवाराचे असेच झाले. 2004 मध्ये अर्ज करताना त्याच्यावर गुन्हा नव्हता. नंतर तो नोंदला गेला आणि त्याच वर्षी त्याची निर्दोष सुटकाही झाली. त्यानंतर भरलेल्या प्रतिज्ञापत्रात त्याने त्याचा उल्लेख केला नाही आणि निवड रद्द झाली. त्याचे वर्तन, प्रकरणाचे स्वरूप आणि पोलिसांचेच अनुकूल अहवाल पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तो 2024 मध्ये. शिपायाच्या नोकरीसाठी वीस वर्षे गेली.

दुसरीकडे राजस्थानातील एका वीज कंपनीतला कर्मचारी. त्याला अर्जापूर्वीच मारहाणीच्या प्रकरणात दोषी ठरवून परिवीक्षेवर सोडलेले होते आणि ते त्याने सांगितले नव्हते. पुढे त्याला परिवीक्षा कायद्याच्या कलम 12 चा लाभही मिळाला. शिक्षेमुळे येणारी अपात्रता या कलमाने दूर होते. तरी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सेवासमाप्ती कायम ठेवली. गुन्हा किरकोळ होता की नाही याहून, सुरुवातीलाच खोटे लिहून देणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न न्यायालयाने मोठा मानला. एकाला वीस वर्षांनी न्याय मिळाला, दुसऱ्याची नोकरी गेली. माहिती दडवल्याचा ठपका दोघांनाही दोन ओळींत टाळता आला असता. निर्दोष सुटलेल्याने असे लिहावे:

‘माझ्याविरुद्ध … पोलीस ठाण्यात गु.र.नं. … अन्वये गुन्हा नोंद होता. नियमित फौजदारी खटला क्र. … मध्ये दिनांक … रोजी … न्यायालयाने मला निर्दोष मुक्त केले आहे. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. आजच्या तारखेस कोणताही खटला प्रलंबित नाही.’

यात फरक पडतो तो निकालाच्या शब्दांत. निर्दोष मुक्तता, दोषारोप ठेवण्यापूर्वी दोषमुक्ती, उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द करणे, लोकअदालतीत तडजोड आणि दंड भरून प्रकरण संपणे या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. दंड भरला म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवले असे अनेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून आदेशात जो शब्द आहे तोच घोषणापत्रात उतरवावा.

अठरा वर्षांखालच्या वयातल्या प्रकरणाला कायद्याने वेगळे संरक्षण दिले आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार बालवयातील दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता लागत नाही. सोळा ते अठरा वयातल्या ज्यांच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला, त्यांना हे संरक्षण नाही.

सही झाल्यानंतर

घोषणापत्राचा मसुदा करणाऱ्या कार्यालयांनी अवतार सिंग निकालातून घ्यायचा धडा सरळ आहे. एका लांब वाक्याऐवजी पाच-सहा छोटे प्रश्न विचारावेत, प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असावे, ‘होय’साठी तपशिलाची जागा सोडावी आणि हे सगळे उमेदवाराला कळेल अशा मराठीत असावे. मोघम वाक्यावर घेतलेली सही पुढे न्यायालयात नियोक्त्याच्याही उपयोगी पडत नाही.

आणि उमेदवाराचे काम सहीने संपत नाही. केंद्राच्या नमुन्यावरच सूचना असते की नमुना दिल्यानंतर अटक, दोषसिद्धी असे काही झाले तर ते लगेच कळवावे, न कळवल्यास माहिती दडवली असे मानले जाईल. पडताळणी अहवाल यायला अनेक महिने लागू शकतात. त्या काळात खटल्याची तारीख पुढे गेली तर सांगायची गरज नाही. दोषारोपपत्र दाखल झाले, निकाल लागला, नवा गुन्हा नोंदला गेला तर कार्यालयाला दोन ओळींचे पत्र द्यावे, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यावी आणि ती घोषणापत्राच्या प्रतीबरोबर फाइलला लावावी. पाच वर्षांनी कुणी विचारले तर तेव्हा आठवणीवर विसंबायची वेळ येत नाही. कोणत्या तारखेला काय ठाऊक होते आणि काय सांगितले होते, ते या दोन कागदांवरून दाखवता येते.